वजन खूप जास्त असेल तर भुलीचं औषध आणि केमोचा डोस पूर्ण वजनावर द्यायचा की लीन बॉडी वेटवर, म्हणजे चरबी सोडून उरलेल्या वजनावर? सूत्र कुठलं बरोबर?

याच गोष्टीवरून माझं एका सीनियरशी वाजलं होतं आणि ते अजून डोक्यात आहे, म्हणून लिहितोय. मी भूलतज्ज्ञ आहे.

रेसिडेन्सीत असताना पित्ताशयाच्या ऑपरेशनला एक बाई आल्या होत्या, उंची १५५ सेंमी, वजन १२० किलो, म्हणजे बीएमआय ५०. सर म्हणाले, "किलोला दोन मिलिग्रॅम प्रोपोफॉल, २४० भर." मी म्हटलं, "सर, लीन वेटवर घेऊया ना, शंभरच्या आसपास पुरेल." "पुस्तकं नंतर वाच." २४० गेलं आणि दोन-तीन मिनिटांत वरचं बीपी साठवर आलं, मग बीपी वर आणायला मेफेन्टरमिनवर मेफेन्टरमिन. बाई सुखरूप घरी गेल्या, पण ते आकडे मी विसरलो नाही.

इंडक्शनचं, म्हणजे भूल सुरू करतानाचं प्रोपोफॉल पहिल्या मिनिटाला हृदय जिकडे रक्त पाठवतं तिकडे जातं, मेंदूत आणि हृदयातही. चरबीला किलोमागे रक्त कमी मिळतं, त्यामुळे चरबी वाढली म्हणून तो पहिला डोस त्याच प्रमाणात वाढत नाही.

त्या रात्री मी जेम्सच्या जुन्या सूत्राने त्या बाईंचं लीन वेट काढलं (W किलोत, H सेंमीत, बायकांसाठी):

```
LBW = 1.07*W - 148*(W/H)^2
```

आलं जवळपास ४० किलो. मग सहज त्याच उंचीला ९० किलो घालून पाहिलं तर ४६ आलं! तीस किलो वजन वाढल्यावर लीन वेट कमी कसं होईल? सूत्रातल्या W/H च्या वर्गामुळे बायकांमध्ये बीएमआय साधारण ३६ च्या पुढे हे सूत्र उलटं फिरतं, पुरुषांमध्ये ४३ च्या पुढे. रक्तातली पातळी ठरवून आपोआप प्रोपोफॉल देणाऱ्या टीसीआय पंपातलं श्नायडर मॉडेल हेच सूत्र वापरतं, म्हणून अशा पेशंटला बरेच पंप वजन स्वीकारत नाहीत आणि मग लोक खोटं वजन टाकून काम भागवतात, जे मला अजिबात पटत नाही. २००५ मध्ये जनमहासत्यन आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र वापरा (हेही बायकांचं, पुरुषांचे आकडे वेगळे):

```
LBW = 9270*W / (8780 + 244*BMI)
```

यात ९० किलोला ४६.६ येतं, म्हणजे तिथे दोन्ही सूत्रं जुळतात, पण १२० ला ५३ येतं. म्हणजे प्रोपोफॉल १०६ मिलिग्रॅम, तेही हळूहळू, पेशंटकडे बघत.

पुढच्याच आठवड्यात तशाच वजनाचा पेशंट आला तर सरांनी नळी घालण्याआधी स्नायू सैल करणारं स्कोलीनही लीन वेटवर, ५० मिलिग्रॅम दिलं. व्होकल कॉर्ड नीट उघडल्या नाहीत, पेशंट खोकला, सॅच्युरेशन भराभर घसरलं आणि सर मला म्हणाले, "हे घे तुझं लीन वेट." पण मी सगळ्या औषधांना लीन वेट लावा असं कधी म्हटलंच नव्हतं! स्कोलीन पेशीबाहेरच्या पाण्यात पसरतं आणि ते तोडणारं एन्झाइम वजनाबरोबर वाढतं, त्यामुळे ते पूर्ण वजनावरच, किलोला एक मिलिग्रॅम. त्याच कामाचं रोक्युरोनियम मात्र उंचीवरून काढलेल्या आयडियल वेटवर किंवा लीन वेटवर, नाहीतर असर लांबतो. वजन औषधागणिक बदलतं, पेशंटागणिक एकच धरून चालत नाही.

आता केमो. तिथे बहुतेक औषधं बॉडी सरफेस एरियावर, म्हणजे उंची आणि वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागावर जातात आणि त्यात खरं, पूर्ण वजन घालायचं, अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या एएससीओ या संघटनेच्या २०१२ च्या गाइडलाइनपासून हेच सांगितलं जातं आणि २०२१ मध्येही तेच ठेवलं. वरच्याच बाईंचा एरिया २.२७ चौरस मीटर येतो, म्हणजे डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ६० मिलिग्रॅमच्या हिशोबाने १३६ मिलिग्रॅम. "एरिया दोनच्या वर नको" म्हणून छाटलं तर १२०, आणि लीन वेट घातलं तर ९१, म्हणजे तिसरा हिस्सा औषध गेलंच नाही. बरा होऊ शकणारा कॅन्सर असा भीतीपोटी अर्धवट मारायचा हे चूकच आहे, आणि पूर्ण डोसने जाड पेशंटच्या पांढऱ्या पेशी जास्त पडतात असंही दिसलेलं नाही. कार्बोप्लॅटिन वेगळं, ते किडनीच्या हिशोबाने.

हे मी नेहमीच्या तब्येतीच्या माणसाबद्दल बोलतोय, हृदय, लिव्हर, किडनी बिघडलेली असेल तर डोस वेगळा होतो, आणि विन्क्रिस्टिनसारख्या काही औषधांना ठरलेली मर्यादा असते, म्हणून घरी बसून आकडे काढून डॉक्टरांशी भांडू नका. फक्त विचारा की डोस कुठल्या वजनावर काढलाय आणि छाटला असेल तर का. मी माझ्या चार्टवर आता प्रत्येक औषधासमोर कुठलं वजन धरलं ते लिहितो. सर याला वेळेची नासाडी म्हणायचे.