घशातला गोनोरिया: इंजेक्शननंतर पुन्हा तपासणी

प्रश्न: सेफ्ट्रियाक्सोनचं इंजेक्शन घेतलं, घसा दुखत नाही. तरी पुन्हा टेस्ट कशाला?

उत्तर: घशातल्या गोनोरियाला बहुतेकदा लक्षणंच नसतात, त्यामुळे घसा न दुखणं हा बरं झाल्याचा पुरावा नाही. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी हिच्यानुसार ५०० मिलिग्रॅमचा एकच डोस स्नायूत देतात (वजन १५० किलोपेक्षा कमी असल्यास). पण घशात औषध पुरेसं पोहोचेलच असं नाही. शिवाय तिथे कायम राहणाऱ्या निरुपद्रवी नायसेरिया जिवाणूंकडून गोनोरियाचा जिवाणू प्रतिकाराची जनुकं उचलतो. म्हणून ७ ते १४ दिवसांनी घशाचा स्वॉब द्या. जिवाणूचे जनुकीय अंश शोधणारी न्याट चाचणी सातव्याच दिवशी केली, तर ती मेलेल्या जिवाणूंच्या डीएनएमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. मला चौदाव्या दिवसाच्या आसपास करणं बरं वाटतं. तेव्हाही पॉझिटिव्ह आली, तर कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून, कोणतं औषध लागू पडतं ते पाहायला सांगा. जोडीदारावर उपचार झाले नसतील, तर तो नवा संसर्गही असू शकतो.