लॅपटॉप सुकला, चालूही झाला, तरी उघडावा का?

प्रश्न: काल रात्री लॅपटॉपवर अर्धा ग्लास संत्र्याचा ज्यूस सांडला. लगेच पुसला, रात्रभर कूलरसमोर ठेवला. आता चालू आहे, फक्त ए, एस, डी ही बटणं चिकटतात आणि स्क्रीनच्या खालच्या बाजूला डाग आहेत. स्पिरिटने पुसलं तर चालेल का? (नागपूर)

उत्तर:

आधी तो बंद करा. स्लीप नाही, पूर्ण शट डाउन, आणि चार्जर काढा. 'आधी फाइली कॉपी करून घेतो' असंही करू नका. बहुतेक लॅपटॉपची डिस्क काढून दुसऱ्या मशीनवर वाचता येते, जळलेला बोर्ड मात्र सहजी परत मिळत नाही.

मी सीताबर्डीत लॅपटॉप दुरुस्ती करतो. ज्यूस सांडल्यावर लोक पाणी सुकायची वाट पाहतात. पण पाणी उडून जातं, साखर आणि आंबटपणा तिथेच राहतो. मागच्या वर्षी एका मुलाच्या लॅपटॉपवर मे महिन्यात उसाचा रस सांडला होता. "चालू तर आहे न भाऊ," म्हणत त्याने महिनाभर वापरला. आपल्याकडच्या मे महिन्यात साखर काचेसारखी कडक होऊन बसते, काही त्रास देत नाही. जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि एका सकाळी मशीन सुरूच होईना. खालचं झाकण उघडलं तर कीबोर्डची पट्टी जिथे बोर्डात घुसते, त्या पिनांवर हिरवट थर होता आणि बाजूला ओला पाक. साखर हवेतला ओलावा ओढून घेते. त्या ओल्या पाकातून दोन पिनांमध्ये वीज वाहायला लागली की तांबं खायला सुरुवात होते. लॅपटॉप बंद असला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत वीज असतेच.

म्हणून खालचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर काढणं हे पहिलं खरं काम. स्क्रू लहान-मोठे असतात, कागदावर लॅपटॉपचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवून ठेवा. कनेक्टर नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा, धातूचं काही लावू नका. बॅटरी फुगलेली किंवा भिजलेली दिसली तर तिथेच थांबा आणि दुकानात न्या.

आता स्पिरिटचं. साखर अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. नुसत्या स्पिरिटने पुसलं की ओलावा जातो आणि पाक आणखी घट्ट बसतो. आधी डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल, हाच क्रम. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण नीट नाव घेऊन मागा. 'बॅटरीचं पाणी' म्हटलं तर कुणी ॲसिडची बाटली हातात ठेवू शकतं. मोबाइलच्या सुट्या भागांच्या दुकानात ९९ टक्क्यांचं आयपीए, म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मागा. सॅनिटायझर नको, त्यात बरेचदा ग्लिसरीन असतं.

कान कोरायची कापसाची काडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून पिळा, इतकी की थेंब पडणार नाही. चिकट बटणाच्या चारही कडांना फिरवा, बटण दहा-पंधरा वेळा दाबा, काडी पिवळी झाली की बदला. काडी पांढरी निघेपर्यंत हे करत राहा. मग आयपीएची काडी फिरवा, ती उरलेलं पाणी घेऊन उडून जाते. बटणाची टोपी उपटू नका, खालची कात्रीच्या आकाराची प्लास्टिकची क्लिप फार नाजूक असते. बोर्डावर चिकट डाग किंवा पांढरी-हिरवी भुकटी दिसली, तर तो बोर्ड बाहेर काढून धुवावा लागतो. ते घरी करू नका.

यानंतर लॅपटॉप उघडा ठेवून पंख्याखाली दोन दिवस सुकवा. कूलर बंद ठेवा, त्याची हवा दमट असते. गच्चीवरचं ऊनही नको, त्यात बॅटरी आणि पडदा दोन्ही खराब होतात. हेअर ड्रायरही नको.

इतकं करूनही एक बटण दाबल्यावर दोन अक्षरं उमटली, किंवा न दाबता 'aaaa' येत राहिलं, तर रस कीबोर्डच्या आतल्या पातळ प्लास्टिकच्या थरांमध्ये शिरलाय. तिथे काडी पोहोचत नाही, कीबोर्ड बदलणं हाच मार्ग.

स्क्रीनला आयपीए लावू नका, वरचा लेप खराब होऊ शकतो. मऊ मायक्रोफायबर कापड डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करून डागावर अर्धा मिनिट नुसतं टेकवा, पाक सैल होईल, मग हलक्या हाताने वरच्या दिशेने पुसा. पडद्यावर थेट पाणी फवारलं तर ते ओघळून खालच्या पट्टीतून आत जातं, आणि तुमचा डाग नेमका तिथेच आहे. पुसूनही डाग न हलता ढगासारखा राहिला, तर रस काचेमागे गेलाय. मग कितीही घासलं तरी तो निघणार नाही.