स्कॅन तक्त्यातली बुलेट यादी : आधी अर्धविराम, मग ओळी

प्रश्न : स्कॅन केलेल्या तक्त्यात एकाच चौकटीत बुलेट लावून सात-आठ गावांची नावं दिली आहेत. एक्सेलमध्ये आणल्यावर सगळी एकाच सेलमध्ये येतात. प्रत्येक गावाची वेगळी ओळ करू, की एकाच सेलमध्ये स्वल्पविरामाने तोडून ठेवू? आणि करायचं कसं?

उत्तर :

दोन्ही करा, पण याच क्रमाने. आधी सेलमध्येच चिन्हाने तोडलेली स्वच्छ यादी बनवा, ती मोजा, आणि मोजणी जुळली की मगच ओळी पाडा. चिन्ह मात्र स्वल्पविराम नको, अर्धविराम घ्या. कारण खाली येईलच.

मी रावेर भागात केळीच्या नुकसानीचे तक्ते एक्सेलमध्ये उतरवायचं काम बरीच वर्षं करतो. मे-जूनमध्ये वादळ येऊन गेलं की सजानिहाय तक्ते हातात पडतात. एका चौकटीत सजाचं नाव, शेजारच्या चौकटीत बुलेट लावून गावं, आणि त्यापुढे सगळ्या गावांचा मिळून एकच आकडा. त्यातली एक ओळ नमुन्यासाठी रचून दाखवतो. गावांची नावं आमच्या तालुक्यातलीच आहेत, पण त्यांना एका सजात मी बसवलंय आणि आकडेही माझेच आहेत.

कागदावर एका चौकटीत चार गावं आहेत : विवरे बु॥, विवरे खु॥, निंभोरा आणि तांदलवाडी. पुढे बाधित शेतकरी ११२ आणि क्षेत्र ७४.६० हेक्टर. गावांचा रकाना अरुंद असल्यामुळे पहिल्या नावातलं ‘बु॥’ खालच्या ओळीवर गेलंय. मराठी ओसीआरमधून हा सेल साधारण असा बाहेर येतो :

```
० विवरे
बु॥
० विवरे खु11
e निंभोरा
* तांदलवाडी
```

गावं चार, ओळी पाच. गोल बुलेट कुठे देवनागरी शून्य झालाय, कुठे इंग्रजी e, कुठे तारा. बुलेट हे अक्षर नसल्यामुळे ओसीआर त्याला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या अक्षराचं रूप देतो, आणि एकाच पानावर तीन-तीन रूपं देतो. ‘खु॥’मधल्या दोन उभ्या रेघांचे अकरा झालेत, तेही याच कारणाने.

आता बहुतेक जण इथे सेल ओळींवर तोडतात, कारण एक्सेलला तेच सोपं जातं. तसं केलं की ‘बु॥’ नावाचं पाचवं गाव तयार होतं आणि खरं गाव नुसतं ‘विवरे’ उरतं. विवरे दोन आहेत, त्यामुळे हे कुठलं ते मग कुणालाच सांगता येत नाही. आमच्या खानदेशात बुद्रुक-खुर्दच्या जोड्या इतक्या आहेत की ही चूक एखाद-दुसऱ्या सेलपुरती राहत नाही. म्हणून तोडायचं ते बुलेटवर. ओळ बदलली म्हणजे फक्त जागा संपली, नाव संपलं असं नाही.

हे एका सूत्रात होतं. मूळ यादी C रकान्यात आहे असं धरून D2 मध्ये हे टाका :

```
=SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(
 CHAR(10)&C2,
 CHAR(10)&"० ",";"),
 CHAR(10)&"e ",";"),
 CHAR(10)&"* ",";"),
 CHAR(10)," ")
```

आतून बाहेर वाचा. `CHAR(10)` म्हणजे सेलमधली नवी ओळ. आधी सेलच्या सुरुवातीला एक नवी ओळ जोडली, म्हणजे पहिल्या बुलेटच्या आधीही ती आली. मग ‘नवी ओळ आणि लगेच बुलेट’ असं जिथे दिसेल तिथे अर्धविराम. उरलेल्या नव्या ओळी, म्हणजे जागेअभावी तुटलेल्या, त्यांच्या जागी साधी मोकळी जागा. आपल्या सेलचं उत्तर असं येतं :

```
;विवरे बु॥;विवरे खु11;निंभोरा;तांदलवाडी
```

बुलेटच्या आधीची नवी ओळ सूत्रात मुद्दाम घेतली आहे. नुसतं ‘० ’ शोधून बदललं तर ‘१० एकर’मधलं शून्यही उडतं आणि दहाचा एक होतो. तुमच्या ओसीआरने बुलेटची आणखी रूपं काढली असतील, `°` किंवा `©` वगैरे, तर तेवढे `SUBSTITUTE` वाढवा. `CLEAN` मात्र आधी वापरू नका. सेल स्वच्छ करायला म्हणून लोक ते लावतात, पण ते `CHAR(10)` सुद्धा काढून टाकतं, आणि मग कुठे ओळ संपली होती हेच कळेनासं होतं.

आता अर्धविरामाचं कारण. स्वल्पविराम नावांच्या आतच येतो, ‘निंभोरा, स्टेशन भाग’ असं लिहिलेलं सापडतं. उभी रेघ `|` बऱ्याच ठिकाणी सुचवतात, पण मराठी तक्त्यात ती घातक आहे. ‘बु॥’ आणि ‘खु॥’मधला दुहेरी दंड ओसीआर कित्येकदा `||` असा वाचतो, कधी सुटा काना `|` होतो, कधी तक्त्याची रेघच अक्षर म्हणून आत येते. अर्धविराम गावांच्या यादीत सहसा कुणी लिहीत नाही. तरी एकदा C रकान्यात `;` शोधून पाहा. काहीच सापडलं नाही की पुढे चला.

पुढची पायरी मोजणीची, आणि ती टाळू नका. कागद समोर घ्या, प्रत्येक चौकटीतले बुलेट डोळ्यांनी मोजा आणि E रकान्यात लिहा. चाळीस-पन्नास चौकटींना फार वेळ लागत नाही. F मध्ये यंत्राची मोजणी :

```
=LEN(D2)-LEN(SUBSTITUTE(D2,";",""))
```

आपल्या सेलला दोन्हीकडे ४ येतात. जिथे E आणि F जुळत नाहीत तिथे फरक कुठल्या बाजूचा हे पाहिलं की चूकही कळते. F कमी असेल तर एखादा बुलेट ओसीआरने गिळलाय किंवा तो नावाला चिकटलाय, `०निंभोरा` असा, आणि ते गाव आधीच्या गावाला जोडलं गेलंय. F जास्त असेल तर तुटलेल्या ओळीच्या सुरुवातीला काहीतरी बुलेटसारखं आलंय, बहुतेक स्कॅनमधला डाग. अशा सेलपुरतं C मध्ये हाताने दुरुस्त करा, D आपोआप बदलतं. एका सेलमध्ये एक गिळला आणि एक वाढला तर मोजणी जुळूनही चूक राहते. म्हणून D रकान्यावरून एकदा नजर फिरवा, दोन गावं चिकटलेली लगेच दिसतात. ‘खु11’ आणि ‘बु11’ मधल्या 11 चं ‘॥’ हेही याच वेळी C मध्ये करून घ्या.

यादी नुसती छापायची असेल, एका सजाची एक ओळच हवी असेल, तर काम इथे संपलं. सुरुवातीचा अर्धविराम `MID(D2,2,500)` ने काढा.

गावानुसार शोधायचं असेल तर ओळी पाडा. D ची सूत्रं आधी मूल्यं म्हणून चिकटवा, मग तक्ता पॉवर क्वेरीत न्या, गावांचा रकाना निवडा, `Split Column`, `By Delimiter`, चिन्ह `;`, आणि `Advanced options` मध्ये `Rows`. सुरुवातीच्या अर्धविरामामुळे प्रत्येक सजाची एक रिकामी ओळ येईल, ती गाळणीने काढा आणि रकान्याला `Trim` द्या. उरलेल्या ओळींची संख्या E रकान्याच्या बेरजेइतकी आली पाहिजे.

मी इथेच एकदा फसलो होतो, म्हणून हे जरा थांबून वाचा. ओळी पाडताना पॉवर क्वेरी बाकीचे रकाने प्रत्येक ओळीवर जसेच्या तसे उतरवते. आपल्या सजाची एक ओळ होती ७४.६० हेक्टरची. आता चार ओळी आहेत आणि प्रत्येकीपुढे ७४.६०. बेरीज घेतली की २९८.४०. मी तशी बेरीज पुढे पाठवली आणि एका तलाठीभाऊंचा फोन आला, ‘दादा, एवढी केळी आमच्या सजात लावलेलीच नाही.’ सगळा तक्ता पुन्हा करावा लागला.

मग काही जण ७४.६० ला चाराने भागतात आणि प्रत्येक गावापुढे १८.६५ लिहितात. बेरीज बरोबर येते, पण १८.६५ हेक्टर कुणी मोजलेलंच नाही. ते गावाच्या नावापुढे एकदा छापलं गेलं की पुढचा माणूस ते खरं धरतो, आणि त्यावरून कुणाचा तरी अर्ज अडतो. त्यापेक्षा दोन पानं ठेवा. एका पानावर सजा क्रमांक, शेतकरी, क्षेत्र : सजागणिक एक ओळ. दुसऱ्या पानावर सजा क्रमांक आणि गाव, एवढंच. बेरीज नेहमी पहिल्या पानावरून, गावाचा शोध दुसऱ्यावरून, आणि दोन्हींना सजा क्रमांक जोडतो.

तुमच्या तक्त्यात आकड्यांच्या चौकटीतही बुलेट असतील, म्हणजे पहिल्या गावापुढे पहिला आकडा अशी जोडी असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा दोन्ही रकाने एकामागोमाग `Rows` मध्ये तोडू नका, चार गावं आणि चार आकडे मिळून सोळा ओळी होतात आणि प्रत्येक गावाला प्रत्येक आकडा चिकटतो. दोन रकाने दोन वेगळ्या क्वेरींत तोडा, दोन्हींच्या रिकाम्या ओळी काढल्यावर `Index Column` द्या आणि त्या क्रमांकावर `Merge` करा. हे करण्याआधी प्रत्येक सेलमध्ये दोन्ही रकान्यांची F-मोजणी सारखी असलीच पाहिजे. एका सेलमध्ये जरी एक कमी-जास्त झालं, तरी तिथून खाली सगळी गावं दुसऱ्याच्याच आकड्यापुढे सरकतात आणि एक्सेल काहीही तक्रार करत नाही.

राहिली गोष्ट पानाच्या शेवटी तुटलेल्या चौकटीची. यादी पुढच्या पानावर चालू राहते आणि तिथे सजाचा रकाना रिकामा असतो. तो `Fill Down` ने भरा, पण फक्त सजा क्रमांकाचा. क्षेत्राच्या रकान्यालाही ते लावलं तर ७४.६० पुन्हा एकदा खाली उतरतं आणि दुहेरी बेरजेची तीच चूक दुसऱ्या दाराने आत येते. `Fill Down` काहीच भरत नसेल तर तो सेल खरा रिकामा नसून त्यात कोरा मजकूर आहे. `Replace Values` मध्ये वरचा खाना कोरा ठेवून खाली `null` लिहा, मग भरतं. हे ओळी पाडायच्या आधी करायचं, आणि अशा तुटलेल्या चौकटीचे बुलेट मोजताना दोन्ही पानांवरच्या तुकड्यांची मोजणी वेगवेगळी लिहा, कारण तक्त्यात त्या दोन ओळी आहेत.