एलईडी-फोटोडायोडच्या कलरीमीटरची रेषा का वाकते?

प्रश्न: केमिकल इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलसाठी हिरवा एलईडी आणि फोटोडायोड वापरून कलरीमीटर बनवलाय. पोटॅशियम परमँगनेटची स्टँडर्ड द्रावणं लावली तर पहिले दोन-तीन बिंदू सरळ रेषेत येतात, पुढे रेषा खाली वाकते. बियर-लँबर्टचा नियम इथे चालत नाही का? की सर्किटमध्ये चूक आहे? हेच यंत्र पुढे ढवळटाकीच्या ट्रेसर प्रयोगाला वापरायचंय.

उत्तर:

नियमाला दोष देऊ नका. तुमची द्रावणं लिटरला एक मिलिमोलच्या आतली असतील तर तिथे नियम उत्तम चालतो. रेषा खाली वाकतेय याचा बहुतेक वेळा एकच अर्थ असतो: द्रावणातून न जाता थोडा प्रकाश फोटोडायोडपर्यंत पोहोचतोय आणि तुम्ही तो वजा करत नाही आहात. किंवा करताय, पण चुकीचा शून्य धरून.

आधी आकड्यांत बघू. समजा ब्लँकला, म्हणजे नुसत्या पाण्याला, ३.१२ व्होल्ट येतात आणि त्यातले ०.१२ व्होल्ट या चोरट्या प्रकाशाचे आहेत. म्हणजे पाण्यातून खरोखर आलेला प्रकाश ३.०० व्होल्टचा. आता ०.१ मिलिमोलर द्रावणाला १.९५ व्होल्ट आले आणि ०.५ मिलिमोलरला ०.३७. सरळ भागाकार करून लॉग घेतला तर शोषण अनुक्रमे ०.२० आणि ०.९३ येतं. पाचपट दाट द्रावणाला शोषण पाचपट हवं होतं, आलं साडेचारपट. आता प्रत्येक रीडिंगमधून ०.१२ वजा करा. १.८३ आणि ०.२५ उरतात, शोषण ०.२१५ आणि १.०८ येतं आणि रेषा सरळ होते. चोरटा प्रकाश दोन्हीकडे तेवढाच होता. पण पातळ द्रावणात तो एकूण प्रकाशाच्या सहा टक्के होता, दाट द्रावणात जवळजवळ एक तृतीयांश. म्हणून वाक वरच्या टोकालाच दिसतो.

आता खरी मेख. हा ०.१२ मोजायचा कसा? बहुतेक जण एलईडी बंद करतात, जे रीडिंग येतं त्याला डार्क म्हणतात आणि वजा करतात. त्यात खोलीतला झिरपणारा उजेड आणि सर्किटचा ऑफसेट निघून जातो, पण एलईडीचाच जो प्रकाश क्युव्हेटच्या भिंतीतून किंवा होल्डरच्या फटीतून वळसा घालून येतो, तो एलईडी बंद केल्यावर दिसणारच कसा? तेव्हा शून्य घ्यायचा तो एलईडी चालू ठेवून. एका क्युव्हेटमध्ये परमँगनेटचं इतकं दाट द्रावण भरा की ते जवळजवळ काळं दिसेल. ते जागेवर ठेवा, झाकण लावा, रीडिंग घ्या. हा तुमचा शून्य. मग क्युव्हेट तशीच ठेवून एलईडी बंद करा. आकडा खाली आला तर जेवढा उतरला तेवढा एलईडीचा वळसा. उतरलाच नाही तर तो आकडा खोलीतल्या उजेडाचा किंवा सर्किटच्या ऑफसेटचा आहे. दोन मिनिटांचं काम, पण दोष कुठे शोधायचा ते लगेच कळतं.

वळसा सापडला तर होल्डरमध्ये क्युव्हेटच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन-तीन मिलिमीटरची भोकं ठेवा आणि बाकी सगळं झाका. भोक क्युव्हेटच्या आतल्या रुंदीपेक्षा अरुंद हवं, नाहीतर काचेच्या जाडीतून प्रकाश सरळ निघून जातो. ते द्रावणाच्या पातळीच्या बऱ्यापैकी खाली असू द्या. पांढऱ्या प्लॅस्टिकचा होल्डर दिसायला छान दिसतो, पण दिव्याच्या शेडसारखा उजळतो. आतून मॅट काळा कागद लावा.

"वाकडी रेषाच कॅलिब्रेशन म्हणून वापरली तर?" असं मनात आलं असेल. चोरटा प्रकाश कायम तेवढाच राहणार असेल तर चालेल. पण खोलीतला उजेड सकाळी एक आणि दुपारी दुसरा असतो, आणि मग सकाळचं कॅलिब्रेशन दुपारी खोटं ठरतं.

सर्किटमध्ये एक चूक मात्र खरोखर असू शकते आणि ती बेमालूम असते. फोटोडायोडमागे एलएम३५८ लावलाय का? मी पहिल्यांदा तोच लावला होता. एलईडी बंद केल्यावर अगदी स्वच्छ शून्य यायचा आणि मी खूश होतो. तो शून्य खोटा होता. या ऑपअँपच्या इनपुटमधून दहा-वीस नॅनोअँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह बाहेर पडतो. फीडबॅकला एक मेगाओहमचा रेझिस्टर असेल तर त्याने आउटपुट काही दहा मिलिव्होल्टने खाली, म्हणजे शून्याच्याही खाली जायला बघतं. एकेरी सप्लायवर ते शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून तिथेच अडकतं. परिणाम असा की क्षीण प्रकाश गिळला जातो, दाट द्रावणं आहेत त्याहून दाट भासतात आणि रेषा वर वाकते. तुमची खाली वाकतेय, म्हणजे हा दोष एकटा तरी नाही. पण दोन्ही एकत्र असले तर एकमेकांना अर्धवट झाकतात, आणि ते जास्त वाईट. एमसीपी६००२ सारखा सीमॉस ऑपअँप लावा आणि त्याच्या नॉन-इन्व्हर्टिंग इनपुटला ग्राउंडऐवजी ०.१ व्होल्ट द्या. मग अंधारात रीडिंग ०.१ च्या आसपास दिसलं पाहिजे. नेमका शून्य दिसला तर कुठेतरी गडबड आहे.

कोडमध्ये एवढंच लागतं:

```
long s = 0;
for (int i = 0; i < 64; i++) s += analogRead(A0);
float v = s / 64.0;
float A = log10((vb - vz) / (v - vz));
```

`vb` ब्लँकचं रीडिंग, `vz` वर सांगितलेला शून्य. `log10` च्या जागी `log` लिहिलंत तर शोषण २.३ पट येतं. रेषा मात्र तरीही सरळच राहते, त्यामुळे तुम्हाला पत्ता लागत नाही. व्हायव्हात कुणी पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघितलं की मग लागतो.

पुस्तकातल्या आकड्याचं निघालंच आहे तर तेही सांगतो. परमँगनेटचं मोलर शोषण ५२५ नॅनोमीटरला साधारण २४०० धरतात. वरच्या उदाहरणात एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटला ते २१५० येतंय, आणि तुमचंही कमीच येईल. हिरवा एलईडी एका तरंगलांबीचा नसतो, त्याचा पट्टा तीस-चाळीस नॅनोमीटर रुंद असतो. परमँगनेट पट्ट्याच्या मधला प्रकाश जास्त शोषतं, कडेचा कमी, आणि तुमच्या हाती सरासरी येते. म्हणून शोषण एकच्या पुढे गेलं की सगळं नीट करूनही किंचित वाक उरतो. ती एलईडीची मर्यादा आहे, तिच्याशी भांडू नका. द्रावण पातळ करा आणि शोषण ०.१ ते १ च्या दरम्यान ठेवा. दहा बिटांच्या एडीसीचीही तीच मागणी आहे: शोषण १ असताना वरच्या उदाहरणात हातात जेमतेम साठ पायऱ्या उरतात, शोषण २ असताना सहा.

अज्ञात नमुन्याचं प्रमाण कसं काढायचं? समजा अज्ञात द्रावणाला ०.९३ व्होल्ट आले. शून्य वजा करून ०.८१. भागिले ३.००, म्हणजे ०.२७. त्याचं शोषण ०.५७. कॅलिब्रेशनचा चढ मिलिमोलरला २.१५ आहे, म्हणून उत्तर ०.२६ मिलिमोलर, लिटरला सुमारे ४२ मिलिग्रॅम. शून्य वजा न करता हाच चढ वापरला असता तर सात-आठ टक्के कमी आलं असतं.

आता ढवळटाकी, कारण तिथे ही चूक वेगळ्याच वेषात येते. टाकी २ लिटरची, पाणी मिनिटाला ०.२ लिटर, म्हणजे सरासरी राहण्याचा काळ १० मिनिटं. सुरुवातीला ०.५ मिलिमोलर परमँगनेट आहे आणि शुद्ध पाणी सोडून तुम्ही ते धुऊन काढताय. ढवळणं चोख असेल तर प्रमाणाचा लॉग वेळेसमोर सरळ रेषेत उतरतो. चोरटा प्रकाश वजा केला नसेल तर सुरुवातीचे दाट बिंदू खाली दबतात. शेवटच्या टोकाला एलईडी गडबड करतो. चालू केल्यावर तो तापतो आणि हळूहळू मंद होतो. तो फक्त एक टक्का मंद झाला तर शोषणात ०.००४ ची, म्हणजे प्रमाणात ०.००२ मिलिमोलरची भर पडते. सुरुवातीला हे कुणाच्या खिजगणतीतही नाही. पण ३० मिनिटांनी टाकीत ०.०२५ मिलिमोलरच उरलेलं असतं, तिथे ही चूक आठ टक्के. ४० मिनिटांनी बावीस टक्के. आलेखाची शेपटी वर उचलली जाते आणि रिपोर्टमध्ये लिहिलं जातं की "टाकीत मृत क्षेत्र आहे". टाकी बिचारी ठीक असते.

म्हणून एलईडीला पाच-दहा मिलिअँपिअरच द्या, प्रयोगाआधी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, आणि ब्लँक प्रयोगाच्या आधी, मध्ये एकदा आणि शेवटी घ्या. मधली घसरण वेळेच्या प्रमाणात वाटून देता येते.

शेवटचा ब्लँक पहिल्यापेक्षा बराच कमी आला तर मात्र एलईडीला लगेच धरू नका. क्युव्हेट पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. आत फिकट तपकिरी थर दिसला तर ते मँगनीज डायऑक्साइड आहे. परमँगनेट रबरी नळ्यांशी आणि पाण्यातल्या मळाशी प्रक्रिया करून ते मागे सोडतं, आणि ब्रशने घासून ते जात नाही. ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणात थोडं सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून ते काही मिनिटं क्युव्हेटमध्ये राहू द्या, थर विरघळेल. मग पाण्याने चांगलं धुवा. ऑक्झॅलिकचा अंश राहिला तर तो पुढच्या नमुन्याचाच रंग खाईल.