रिकाम्या जागेचे उत्तर तिच्या शेजारीच असते

प्रश्न : सरळसेवेच्या मराठी पेपरमध्ये व्याकरण आणि रिकाम्या जागांचा उतारा असतो. उत्तर नक्की माहीत नसेल तर प्रश्न सोडून द्यावा की अंदाज लावावा? अंदाज लावायचाच तर कसा?

अंदाज अवश्य लावावा, पण तो कानाने लावू नये. 'कानाला बरे वाटते ते उत्तर' हा सल्ला नागपूरच्या शिकवण्यांमध्ये सर्रास दिला जातो आणि त्यामुळे नागपूरच्याच मुलांचे सर्वांत जास्त नुकसान होते, असे माझे ठाम मत आहे. आपण घरी 'तो अभ्यास करून राहिला' असे म्हणतो आणि ते आपल्या कानाला अगदी सरळ वाटते, पण पेपर तपासला जातो प्रमाण मराठीने, आणि तिथे 'करत आहे' हेच उत्तर असते. हिंदीच्या शेजारामुळे लिंगाचाही घोळ होतो. सरकार आणि पुस्तक हे शब्द हिंदीत स्त्रीलिंगी आहेत, मराठीत नपुंसकलिंगी. आत्मा हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. दिवसभर दोन्ही भाषा ऐकणाऱ्या कानावर परीक्षेच्या दिवशी विसंबणे मला पटत नाही.

मी सीताबर्डीतल्या एका शिकवणीत जात असताना सराव परीक्षेत संत्र्याच्या बागांवरचा एक उतारा आला होता. आठवणीतून लिहिते आहे, त्यामुळे एखादा शब्द इकडेतिकडे झाला असेल, पण त्यातले मुख्य वाक्य असे होते : 'उन्हाळ्यात पाण्याची (१) ____ भासली, तर आंबिया बहाराची फळे गळतात, (२) ____ ज्यांच्या विहिरी उन्हाळ्यात आटतात, ते बागायतदार मृग बहाराला (३) ____ देतात.' आमच्या घरात कोणाचीही बाग नव्हती आणि आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, मृग बहार पावसाच्या सुरुवातीला फुलतो, हेही मला तेव्हा माहीत नव्हते.

पहिल्या जागेसाठी टंचाई, अभाव, दुष्काळ आणि तुटवडा असे पर्याय होते. अर्थाने पाहिले तर सगळेच जवळचे, आणि इथेच बहुतेक जण अडकले. मी अर्थाकडे पाहिलेच नाही. जागेच्या आधी 'पाण्याची' आहे आणि नंतर 'भासली' आहे, म्हणजे मधला शब्द स्त्रीलिंगी एकवचनी, नाहीतर नपुंसकलिंगी अनेकवचनी असलाच पाहिजे; पुल्लिंगी शब्द तिथे बसणारच नाही. अभाव, दुष्काळ आणि तुटवडा हे तिन्ही पुल्लिंगी असल्यामुळे टंचाई एकटीच उरली.

दुसऱ्या जागेसाठी कारण, म्हणून, तरीही आणि अथवा हे पर्याय होते. अशा वेळी जागेच्या दोन्ही बाजूंची वाक्ये वेगवेगळी वाचावीत आणि कोणते आधी घडते ते पाहावे. पाणी कमी पडते, फळे गळतात, मग शेतकरी दुसरा बहार निवडतो. आधी कारण आणि नंतर परिणाम असा क्रम असल्यावर 'कारण' बसत नाही, कारण ते परिणामानंतर येते. विरोध नाही म्हणून 'तरीही' गेले, पर्याय सुचवलेला नाही म्हणून 'अथवा' गेले.

तिसरी जागा खरी अवघड होती. पसंती, आवड, निवड आणि ओढ हे चारही शब्द स्त्रीलिंगी, म्हणजे पेपर काढणाऱ्याने ती वाट मुद्दाम बंद केली होती. शिवाय 'देतात' हे क्रियापद बागायतदारांप्रमाणे चालते, रिकाम्या जागेतल्या शब्दाप्रमाणे नाही, त्यामुळे त्यावरूनही काही कळत नव्हते. मग प्रत्येक शब्दाला 'देणे' जोडून पाहिले. आवड असते, निवड केली जाते. 'देणे' लागते ते फक्त पसंतीला आणि ओढीला. पण ओढ देतो तो पाऊस, शेतकरी नव्हे. राहिली पसंती.

निकालाच्या दिवशी सरांनी माझा पेपर हातात घेऊन सगळ्यांसमोर विचारले, 'काय गं, तुमच्या घरी संत्र्याची बाग आहे काय?' मी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, 'मग सगळे तुक्के बरोबर लागून राहिले तुझे. खऱ्या परीक्षेत लागणार नाहीत, तेव्हा जे येत नाही ते सोडून देत जा.' मी उभी राहून वर लिहिले तेच सांगितले, तर सरांचे म्हणणे पडले की परीक्षेत इतका विचार करायला वेळ नसतो. हे मला तेव्हाही मान्य नव्हते, आजही नाही. जागेच्या आधीचा आणि नंतरचा शब्द पाहायला फारसा वेळ लागत नाही. चार पर्याय पुन्हापुन्हा मनात उच्चारून कोणता बरा वाटतो ते ठरवण्यातच जास्त वेळ जातो.

व्याकरणाच्या प्रश्नांतही हीच रीत चालते, फक्त तिथे वाक्य स्वतः बदलून पाहावे लागते. 'मी पत्र लिहिले' याचा प्रयोग विचारला, तर 'मी'ला प्रत्यय दिसत नाही म्हणून अनेक जण कर्तरी लिहून मोकळे होतात. कर्म बदलून पाहा : 'मी चिठ्ठी लिहिली'. क्रियापद कर्माबरोबर बदलले, म्हणून कर्मणी. 'त्याने मुलाला मारले' यात 'मुलीला' घातले तरी 'मारले' तसेच राहते आणि कर्ता बदलून 'तिने' केला तरीही तसेच राहते, म्हणून भावे. व्याख्या आठवत नसली तरी हे करता येते.

सोडून द्यावे की नाही, याचा हिशेब असा आहे. एका प्रश्नाला १ गुण आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कपात असेल, तर ४ पर्यायांत अगदी डोळे मिटून लावलेल्या ४ उत्तरांतही सरासरी १ बरोबर आणि ३ चूक येऊन पाव गुण शिल्लक राहतो. दोन पर्याय खोडता आले, तर अशा २ प्रश्नांमागे सरासरी पाऊण गुण मिळतो. २०२३ च्या तलाठी भरतीत कपातच नव्हती, तिथे प्रश्न कोरा सोडणे म्हणजे गुण टाकून देणे होते. उलट, यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत एक तृतीयांश कपात आहे, तिथे डोळे मिटून लावण्यात काहीच फायदा नाही. म्हणून जाहिरातीतला कपातीचा नियम आधी वाचा. हे सगळे सरासरीचे आकडे आहेत. एखाद्या पेपरात आंधळे अंदाज सलग चुकूही शकतात, म्हणून कपात असेल तिथे निदान एक पर्याय कारणासह खोडता आला तरच मी उत्तर लावते.

शुद्धलेखनाच्या प्रश्नांना मात्र ही रीत लागू पडत नाही. तिथे शेजारचे शब्द मदत करत नाहीत आणि ह्रस्व-दीर्घ कानाला कळत नाही. 'गुरू' सुटा लिहिताना दीर्घ आणि 'गुरुदक्षिणा'त ह्रस्व, हे नियम माहीत असल्याशिवाय तिथे अंदाजाला आधार नाही.

तुमच्याही शिकवणीत कोणी याला तुक्का म्हणत असेल, तर सराव परीक्षेत अशा प्रत्येक प्रश्नापुढे खूण करा आणि कोणता पर्याय कशामुळे खोडला ते एका शब्दात लिहून ठेवा : लिंग, वचन, क्रम, क्रियापद. निकाल आल्यावर फक्त त्या खुणांचा वेगळा हिशेब करा. पाव गुण कपातीत पाचांतला एक बरोबर आला तरी तोटा होत नाही, आणि कारण लिहून लावलेली उत्तरे त्याहून बरीच जास्त बरोबर येतात. तो हिशेब सरांच्या टेबलावर ठेवा आणि मग सोडून द्यायचे की लावायचे, ते त्यांनाच विचारा.