'मुघलांशी संघर्ष' पाठावर वरच्या पातळीचे प्रश्न कसे काढायचे?

"सातवीच्या 'मुघलांशी संघर्ष' पाठावर उच्च स्तराचे प्रश्न काढायचेत. ब्लूमच्या सहा पातळ्या माहितीयेत, पण काढायला बसलं की सगळे प्रश्न 'का' आणि 'कारणे द्या' वरच अडकतात. तुम्ही कसे काढता?"

सर, घोळ पातळ्यांचा नाहीये, क्रियापदांचा आहे. आपल्याला ट्रेनिंगमध्ये क्रियापदांचा तक्ता देतात, 'सांगा' म्हणजे स्मरण, 'विश्लेषण करा' म्हणजे विश्लेषण, आणि आपण तोच समोर ठेवून प्रश्न काढतो. पण पुरंदरचा तह का करावा लागला याचं उत्तर पाठात सरळ लिहिलेलं असेल तर तो 'का' वाला प्रश्नसुद्धा स्मरणाचाच झाला, मुलं परिच्छेद शोधतात आणि उतरवतात. म्हणून मी प्रश्न लिहिला की आधी बघतो की पुस्तकात बोट ठेवून याचं उत्तर दाखवता येतं का, येत असेल तर पातळी खालची, मग क्रियापद कुठलंही असो.

वरची पातळी हवी तर मुलांच्या हातात पाठाबाहेरचं काहीतरी द्यावं लागतं, थोडंसंच. पुरंदरचाच तह घ्या. पुस्तकात येतं की १६६५ च्या या तहात महाराजांनी २३ किल्ले आणि वर्षाला ४ लाख होन उत्पन्नाचा मुलूख मुघलांना दिला. मी फळ्यावर त्याच्या शेजारी एवढंच लिहितो: महाराजांकडे राहिले १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख. मग प्रश्न असा, "किल्ले किती हिश्श्याने गेले, उत्पन्न किती हिश्श्याने गेलं? दोन्ही हिस्से सारखे का नाहीत?" मुलं आधी गणित करतात, ३५ पैकी २३ म्हणजे साधारण दोन तृतीयांश किल्ले गेले पण उत्पन्न ५ पैकी ४ भाग गेलं. म्हणजे गेलेल्या किल्ल्यांभोवतीचा मुलूख जास्त पिकणारा, जास्त वसुलीचा होता. इथे नकाशा काढायचा. कोंढाणा, पुरंदर, लोहगड, माहुली, कर्नाळा गेले, राजगड, तोरणा, रायगड राहिले, खुणा करायला लावायच्या आणि विचारायचं की राहिलेले किल्ले कसल्या जागी आहेत. गेल्या वर्षी एक मुलगी बराच वेळ नकाशाकडे बघत बसली आणि म्हणाली, "सर, पैसा गेला पण अवघड डोंगर राहिले." हे वाक्य कुठल्याच गाइडमध्ये नाही, हेच विश्लेषण. आणि बघा, प्रश्नात 'विश्लेषण' हा शब्दच नव्हता.

मूल्यमापनाच्या प्रश्नात जास्त गडबड होते. "पुरंदरचा तह योग्य होता का? तुमचे मत लिहा" असं विचारलं की चाळीस वह्यांत एकच उत्तर येतं, योग्य होता कारण महाराजांनी नंतर किल्ले परत घेतले. खरंय, १६७० मध्ये कोंढाणा, पुरंदर परत आले, पण १६६५ च्या जूनमध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं! शेवट माहीत असल्यामुळे मुलं निकालावरून निर्णय ठरवतात. म्हणून प्रश्नातच हद्द आखून द्या: "१६६५ च्या जूनपर्यंत घडलेल्याच गोष्टी वापरून सांगा, महाराजांपुढे कोणते दोन मार्ग होते आणि कोणत्या मार्गात काय गमवावं लागलं असतं?" मग पुरंदरचा वेढा, मुरारबाजी पडले, मिर्झाराजांचं आणि दिलेरखानाचं मोठं सैन्य मुलूख उद्ध्वस्त करत होतं, हे सगळं मुलांना खरोखर तोलावं लागतं. 'तहच बरा' म्हणा नाहीतर 'अजून लढायला हवं होतं' म्हणा, मार्क कोणती बाजू घेतली याला नाहीत, दोन्ही मार्गांचं नुकसान मांडलं का आणि पुरावा जूनच्या आधीचा आहे का याला आहेत. चार मार्कांचा प्रश्न असेल तर मी दोन-दोन असे वाटतो आणि मुलांना आधीच सांगतो.

नवनिर्मितीसाठी 'महाराज असते तर आज काय केलं असतं' छाप प्रश्न मी काढतच नाही, तिथे इतिहास संपतो आणि नुसता निबंध सुरू होतो. त्यापेक्षा तहाच्या अटी मुघलांच्या बाजूने औरंगजेबाला कळवणारं छोटं पत्र लिहायला लावा, मिर्झाराजांच्या नजरेतून. त्यात २३ किल्ल्यांचा आकडा चुकला किंवा आदिलशाहीविरुद्ध मदतीचं कलम राहिलं तर लगेच दिसतं.

अजून एक, हे प्रश्न थेट टाकू नका. आधी दोन साधे प्रश्न, तह कोणामध्ये झाला, काय दिलं, म्हणजे मागे पडणाऱ्या मुलांच्याही हातात काहीतरी असतं. आणि एका पाठाला असे दोनच प्रश्न पुरेत, नकाशावाला एकटाच माझी अख्खी तासिका खातो. पेपर तपासताना पहिल्या दहा वह्या शेजारी शेजारी ठेवा, उत्तरं शब्दशः सारखी निघाली तर तो प्रश्न स्मरणाचाच होता, पुढच्या वर्षी बदला. माझा 'तह योग्य होता का' हा प्रश्न मी असाच तीन वेळा बदललाय.