किटवर दोन रेघा दिसेपर्यंत उशीर झालेला असतो

"वय २८, टाईप २ डायबेटीस, तीन वर्षं झाली. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. एचबीए१सी ८.९. डॉक्टर म्हणतात आधी साडेसहाच्या खाली आण, मग चान्स घ्या. सासूबाई म्हणतात दिवस राहू देत, शुगर काय नंतर औषधाने येते. मी सोलापुरातच असते. खरंच थांबायची गरज आहे का?"

थांब. "शुगर काय, नंतर येते" हे वाक्य आमच्या घरातही २०१९ साली बोललं गेलं होतं. फक्त बोलणारी सासूबाई नव्हती, मीच होते. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. दोन बाळंतपणं झाली, पहिलं शुगर वाढलेली असताना आणि दुसरं ठरवून. वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

पहिल्या वेळी माझ्या पाळीचा पहिला दिवस २ मार्च होता. पुढची पाळी ३० मार्चला यायला हवी होती, पण माझी नेहमीच मागेपुढे व्हायची, म्हणून आठवडाभर काही वाटलं नाही. ६ एप्रिलला, पाडव्याच्या सकाळी, किटवर दोन रेघा आल्या. स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं. त्याच दिवशी मी शुगरच्या सगळ्या गोळ्या बंद केल्या. पोटात बाळ आहे, आता गोळ्या नकोत, एवढाच विचार. त्यांच्या जागी दुसरं काही सुरू केलं नाही, शुगर तपासली नाही, आणि वर दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. आजवरच्या चुकांत ही मला सगळ्यात महागात पडली.

दवाखान्यात फोन केला. नाव लिहीत नाही, विचारूही नका. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आत्ता येऊन काय दिसणार? ठोके दिसायला लागले की या, पंधरा दिवसांनी." मला आधीपासून डायबेटीस आहे असं सांगितलं, तर म्हणाल्या, "ते मॅडम बघतील की." मग मी २२ एप्रिलला गेले. उपाशीपोटीची शुगर २१२, एचबीए१सी ९.४.

आता हे दिवस मोजून बघ. आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. त्या हिशेबाने बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी सहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटते, म्हणजे माझ्या बाबतीत १३ एप्रिलच्या आसपास. हृदय पाचव्या आठवड्यापासून घडायला लागतं आणि त्याचे कप्पे साधारण नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत वेगळे होतात. मी ठोके दिसायची वाट बघत गोळ्यांविना बसले होते, तेव्हाच आत हे काम चालू होतं. त्या काळात आईची शुगर वाढलेली असली की गर्भ पडण्याचा आणि बाळात व्यंग राहण्याचा धोका वाढतो, त्यातही हृदय आणि मणका यांचा जास्त. माझं इन्सुलिन सुरू झालं तेव्हा मणका होऊन गेला होता आणि हृदय अर्ध्यावर आलं होतं.

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांच्या मधल्या पडद्याला मोठं छिद्र दिसलं. शुगरमुळेच झालं असं छातीठोकपणे कोणीच सांगणार नाही, शुगर नसलेल्या आयांच्या बाळांनाही असं होतं. पण माझ्या मनातून ते सोळा दिवस जात नाहीत. ऑपरेशन २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ई-पास काढून पुण्यात केलं. लेक आता शाळेत जाते, दंगाही करते.

उरलेला त्रास नंतरच्या महिन्यांतल्या शुगरचा. आईची साखर नाळेतून बाळाकडे जाते, पण इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त तयार करतं आणि त्याच्या अंगावर चरबी चढते. माझी लेक सदतिसाव्या आठवड्यात सिझेरियनने झाली, वजन चार किलो शंभर ग्रॅम. बायका म्हणाल्या, काय गुटगुटीत आहे! तासाभरात तिची शुगर २६ वर आली. नाळ कापली की साखर थांबते, पण बाळाचं वाढलेलं इन्सुलिन लगेच थांबत नाही. तीन दिवस काचेच्या पेटीत, हाताला सलाईन. मला शेवटी बीपीही वाढलं होतं, पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा.

(एक राग काढून घेते. सहाव्या महिन्यात त्याच दवाखान्याने मला सगळ्यांसोबत ग्लुकोज पाजून डायबेटीस आहे का ते तपासलं. अहो, मी इन्सुलिन घेत होते! तुला कोणी ती पुडी पाजायला लागलं तर सरळ नाही म्हण.)

दुसऱ्या वेळी सात महिने थांबलो, तोवर पाळणा लांबवायचं साधन चालू ठेवलं. तुझ्या डॉक्टरांचा आकडा बरोबर आहे: साडेसहाच्या खाली, आणि तेही शुगर सारखी एकदम न उतरता. दहाच्या वर असेल तर चान्सच घेऊ नये असं मला सांगितलं होतं. एका महिन्यात निकाल मागू नकोस, ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. अंगात लोह कमी असेल तर ती कधी कधी खोटी वाढलेली दिसते, म्हणून घरच्या मशीनचे आकडे वहीत लिही. मला उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवल्यावर तासाने १४० च्या आत असं दिलं होतं. तुझे आकडे तुझे डॉक्टर ठरवतील.

त्या तासाभरानंतरच्या तपासणीने माझा एक गैरसमज मोडला. ज्वारी म्हणजे शुगरवाल्यांचं खाणं, असं समजून मी शेंगाचटणीसोबत तीन कडक भाकऱ्या हाणत होते. मशीनवर १९४. दीड भाकरी, वाटीभर घट्ट डाळ आणि मेथी घेतली तर १३२. भाकरी सोडायची गरज नाही, मोजायची आहे.

तुझ्या यादीतलं टेल्मिसार्टन मला जास्त खटकतं. ते बाळाच्या किडनीला घातक आहे, दिवस राहण्याआधीच बदलून घ्यावं लागतं. माझं बदलून लॅबेटालॉल दिलं. ग्लिमेपिराइडच्या जागी इन्सुलिन आलं, मेटफॉर्मिन राहू दिलं. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तीही सांग. आणि फोलिक ॲसिड ५ मिलिग्रॅमचं, आधीपासून. डोळ्यांचा पडदाही आधी तपासून घे, कारण शुगर झपाट्याने खाली आणताना आणि गरोदरपणात तो बिघडू शकतो. हे सगळं विचारून कर, माझ्यासारखं आपल्या मनाने बंद करू नकोस.

इन्सुलिन सुरू झालं तर आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नकोस. माझी एक तशीच वाया गेली, तीन दिवस शुगर का उतरत नाही ते कळेना. फ्रीजमध्ये ठेवायची, पण बर्फाच्या कप्प्यात नाही.

धाकट्याच्या वेळी एचबीए१सी ६.३ होता. वजन तीन किलो दोनशे, हृदयाची तपासणी साफ.

सासूबाईंना पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर घेऊन जा, तुझ्यापेक्षा त्यांचं ऐकतील. आणि किटवर दोन रेघा आल्या की काउंटरवर "दिवस राहिलेत" एवढंच सांगून फोन ठेवू नकोस. "आधीपासून डायबेटीस आहे, पाचवा आठवडा चालू आहे, आजच औषध ठरवायचंय" असं म्हण. तरी पंधरा दिवसांनी या म्हणाले, तर तडक शुगरच्या डॉक्टरांकडे जा. ठोके नंतर दिसतील.